तेरा दिवसांचा हिशेब

इंदूर

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही म्हणालात की घरात कुणी गेलं की ऐन वेळी कुणालाच काही आठवत नाही, म्हणून एकदा सगळं लिहून दे. लिहितो आहे.

आधी दिवस मोजणं, कारण घोळ तिथेच होतो. समजा सोमवारी रात्री नऊला माणूस गेलं आणि दहन मंगळवारी सकाळी झालं. पहिला दिवस सोमवारच. मंगळवारपासून मोजलं की सगळंच एक दिवस पुढे सरकतं. या हिशेबाने दहावा पुढच्या बुधवारी आणि तेरावा शनिवारी येतो. मंगळवारी पहाटे तीनला गेलं असेल, तर बहुतेक गुरुजी सूर्योदय झाला नव्हता म्हणून सोमवारच धरतात. म्हणून मृत्यूची वेळ लगेच कागदावर टिपावी. पुढची श्राद्धं तिथीवर होतात, तेव्हाही तीच लागते.

पहिल्या दिवशी जपायचा तो अश्मा, म्हणजे जीवखडा. स्मशानात ज्या दगडाने मडक्याला छिद्र पाडतात तो हा दगड पुढे दहा दिवस लागतो, कारण तिलांजली त्याच्यावरच देतात. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, अशा दहा दिवसांत पंचावन्न. गडबडीत कुणीतरी तो स्मशानातच टाकून येतं. मग नवा दगड घेऊन आधीच्या अंजली पुन्हा द्याव्या लागतात. म्हणून एकाच माणसाकडे सोपवावा, फडक्यात बांधून घराबाहेर टांगावा. घरात मात्र माणूस गेलं त्या जागी दिवा, शेजारी पसरलेलं पीठ, आणि देवपूजा बंद.

अस्थी तिसऱ्या दिवशी गोळा करतात, हल्ली दुसऱ्याही दिवशी. राख थंड झालेली हवी, आणि वेचायला पायाकडून सुरुवात करून डोक्याकडे जायचं. विसर्जन दहाव्याच्या आत उरकावं. आपल्याकडून खेडीघाट, ओंकारेश्वर नाहीतर उज्जैन. तिसऱ्या दिवशी इथले ओळखीचे लोक उठावना, म्हणजे सांत्वनाची बैठक, कधी आहे ते विचारतात. ती इथली रीत आहे, क्रियेचा भाग नाही. संध्याकाळचा तासभर ठेवला तर रोज दार वाजायचं थांबतं. चौथ्यापासून नवव्यापर्यंत तिलांजली आणि गरुडपुराण, दुसरं विशेष काही नाही. लग्न झालेल्या मुलीला आई-वडिलांचं सुतक तीनच दिवस, बाकी घराला दहा.

रोज एक पिंड द्यायचा, त्यातून मृताचा नवा देह एकेका अवयवाने घडतो अशी कल्पना आहे. पहिल्या पिंडाने डोकं, आणि दहाव्याने त्या देहाला भूक-तहान लागते. म्हणून दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवण्याचं एवढं महत्त्व. आता बहुतेक जण दहाही पिंड दहाव्यालाच देतात. भात बिनमिठाचा आणि मऊ हवा. मोकळा शिजला की पिंड फुटतात. कावळा येत नाही तेव्हा लोक लगेच मृताची इच्छा राहिली म्हणतात. बरेचदा कारण साधं असतं. घाटावर उशिरा पोचलो आणि आधीच्या पिंडांनी कावळे पोटभर झालेले, किंवा माणसं पिंडाला खेटून उभी. लवकर जावं, लांब उभं राहावं. तरी नाहीच आला तर दर्भाचा कावळा करून शिववतात. मग अश्म्याला तेल लावून तो पाण्यात सोडतात.

अकराव्याला स्नान करून सुतक सुटतं, मृताच्या एकट्याच्या नावे श्राद्ध होतं, दानं होतात.

बारावा खरा महत्त्वाचा, त्या दिवशी सपिंडी. खरं तर ही वर्षाने करायची, म्हणून वर्षभराची सोळा मासिक श्राद्धं आधी ओढून घेतात आणि मग सपिंडी. तोवर मृत प्रेत असतो, पितर नाही. त्याचा लांबट पिंड तीन भाग करून वडील, आजोबा, पणजोबा यांच्या पिंडांत मिसळतात. बाईचा असेल तर सासू, आजेसासू, पणजेसासू यांच्या. गुरुजी तिन्ही नावं आणि गोत्र विचारतात, आणि इथेच सगळे एकमेकांकडे बघू लागतात. नाव सापडलंच नाही तर गुरुजी पर्याय काढतात, पण घरातलं एक नाव कायमचं जातं.

तेराव्याला निधनशांत आणि गोडाचं जेवण. वारसाला पगडी बांधायच्या इथल्या रीतीला लोक यायचे असतील, तर जेवणाची वेळ त्यांना आधी कळवावी.

आई, तुझ्या डायरीच्या शेवटच्या पानावर एवढं लिहून ठेव. बाबांच्या आजोबांचं आणि पणजोबांचं नाव, आणि आपल्या आजीच्या सासूबाईंचं व त्यांच्या सासूबाईंचं नाव. बायकांची सासरची नावं लिही, माहेरची नकोत. पणजीचं नाव धाकट्या आत्याला ठाऊक असेल, तिला याच आठवड्यात फोन करून विचार.

तुमचा,
बाळू