‘कूम्ब्स निगेटिव्ह’ एवढ्यावर फाईल बंद करू नका

मा. आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

रक्त चढत असताना एका रुग्णाला हुडहुडी भरली, कंबर धरली, लघवी लाल झाली. चौकशीत शेरा पडला: ‘कूम्ब्स टेस्ट निगेटिव्ह, सबब रक्ताचा दोष नाही.’ आम्ही रक्तपेढीतले तंत्रज्ञ आहोत. हा शेरा चुकीचा आहे आणि तो मागे घ्यावा, ही विनंती.

अशी रिअ‍ॅक्शन आली की रक्त तिथेच थांबवायचे. बॅग सेटसकट रक्तपेढीत पाठवायची, सोबत रुग्णाचे नवे रक्त आणि पहिली लघवी. आधी कागद बघायचे: मनगटावरची पट्टी, मागणीचा फॉर्म, नळीवरचे लेबल, बॅगेचा नंबर. मग रक्त चढवण्यापूर्वीचा आणि नंतरचा नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून शेजारी धरायचा. आधीचा प्लाझ्मा पिवळसर आणि नंतरचा गुलाबी-लाल असेल, तर पेशी फुटल्या आहेत. बारीक सुईने ओढून घेतलेले रक्तही असेच लाल दिसते, म्हणून नमुना नीट घेऊन पुन्हा बघायचा. लघवीही फिरवायची. वरचे पाणी लालच राहिले तर ते हिमोग्लोबिन. तांबड्या पेशी तळाशी बसल्या तर रक्तस्राव.

यानंतर जुना नमुना, नवा नमुना आणि बॅग, तिघांचा गट पुन्हा काढायचा. समजा जुना नमुना ‘ए’, बॅग ‘ए’ आणि नवा नमुना ‘ओ’ आला. बॅग बरोबर, क्रॉसमॅचही जुळलेला, तरी घात झाला, कारण पहिल्या नळीत रक्तच दुसऱ्या रुग्णाचे होते! ती नळी ज्याची, त्याच्या नावावर कोणाचे रक्त गेले? त्याच्या वॉर्डात त्याच क्षणी फोन जायला हवा. कूम्ब्सवर थांबलेल्या चौकशीत असा दुसरा माणूस कुणाला दिसतच नाही.

आता कूम्ब्सबद्दल. ही चाचणी अँटीबॉडी चिकटलेल्या पेशी शोधते. ‘ओ’ रुग्णात गेलेल्या ‘ए’ पेशी फुटून संपल्या, तर चिकटलेले काही उरतच नाही आणि उत्तर निगेटिव्ह येते. पेशी सलाईनने नीट धुतल्या नाहीत तरी तेच होते, कारण उरलेला प्लाझ्मा अभिकर्मक खाऊन टाकतो. म्हणून प्रत्येक निगेटिव्ह नळीत कंट्रोल पेशी घालतात. त्यांच्या गुठळ्या झाल्या नाहीत तर निकाल बाद. अहवालात या कंट्रोलचा उल्लेख का नाही?

जुना नमुना 7 दिवस फ्रिजमध्ये राखायचा असतो. तो काढून पुन्हा तपासायला कोण होते? रात्रपाळीला एकच तंत्रज्ञ. तोच रक्त देणार, तोच फोन घेणार, तोच नळ्या धुणार. दुसरा माणूस देण्याचा शब्द होता, तो हवेत विरला. भरती नाही, कंत्राटी पगार महिनोन्महिने थकलेले, आणि दोष ठरवायची वेळ आली की सही मात्र आमची! खरेदीच्या फाईली धावतात, माणसांच्या कुजतात. ही कसली यंत्रणा?

चौकशी पुन्हा उघडा. तिन्ही गट, दोन्ही प्लाझ्मांचा रंग, लघवी आणि कंट्रोलसह कूम्ब्स लिहिल्याशिवाय अशा अहवालावर कुणाची सही होऊ देऊ नका. आणि असा दुसरा रुग्ण आहे का, असल्यास त्याचे काय झाले, ते आधी शोधा.

आपले,
रक्तपेढी तंत्रज्ञ