डेडलिफ्टच्या आधी काठी

मंगळवार पेठ, कोल्हापूर

प्रिय दत्ता,

पोरांना डेडलिफ्ट कधी लावू, असं विचारलंस. बार राहू दे तसाच कोपऱ्यात. आधी साडेचार-पाच फुटांचा पीव्हीसी पाइप आण. झाडूचा दांडाही चालेल, फक्त सरळ पाहिजे.

आपल्या पोरांची अडचण मर्दा, बैठकांची आहे. तालमीत मारून मारून अंगात भिनल्यात. ‘वाक’ म्हटलं की गुडघे पुढे सुटतात आणि गडी खाली बसतो. इथं बसायचं नाही. गुडघे जरासे मोडायचे, नडग्या जवळपास उभ्या ठेवायच्या आणि ढुंगण मागं न्यायचं. मोडायचं ते खुब्यात, कमरेत नाही.

काठी पाठीवर उभी धरायला लाव. एक हात मानेमागं, दुसरा कमरेच्या खळगीत. डोक्याची मागची बाजू, दोन्ही फऱ्यांच्या मधली जागा आणि माकडहाडाच्या वरचं सपाट हाड, या तीन जागी काठी टेकलेली हवी. वाकताना आणि उठतानाही. तू बाजूला उभा राहून बघ. खालचा टेका सुटला तर कंबर गोल झाली. डोकं सुटलं तर पोरगं जमिनीकडं मान टाकतंय. आणि कमरेतल्या हाताभोवती पोकळी वाढली, तर छाती काढायच्या नादात कंबर जास्तच आत घेतलीय. ही तिसरी चूक लवकर दिसत नाही, कारण तिन्ही टेके जागेवरच असतात.

माझ्याकडं नववीतला एक उंच पोरगा आहे, हल्लीच झपाट्यानं वाढलेला. छाती निम्म्यावर आली की त्याची काठी खालून सुटायची. मी त्याला गुडघे अजून थोडे मोडायला सांगितले, तर काठी टिकली. म्हणजे वाकायचं कसं ते त्याला कळलेलं, मांडीमागच्या शिरा तेवढ्या आखडलेल्या. या वयात हाडं भराभर वाढतात तेव्हा असं होतं. ओढून ताणून खाली न्यायचं नाही. काठी टिकते तिथपर्यंतच त्याची हद्द.

गुडघे मोडूनही काठी सुटत असेल, तर मात्र त्याला भिंतीकडं पाठ करून, टाचा वीतभर पुढं ठेवून उभा कर. ढुंगणानं भिंतीला शिवायचं आणि परत उभं राहायचं. जमलं की पाऊल दोन-दोन बोटं पुढं सरकव. पुढं सरकताना तोल जायला लागला, तर तिथंच थांब.

नंतर तीच काठी हातात, मांडीला घासत गुडघ्याखालपर्यंत. सलग आठ-दहा वेळा, न सांगता, तशीच झाली की हलकी केटलबेल दे. बारची घाई नको. नुसता बारच वीस किलोचा, आणि मोठ्या प्लेटा नसल्या की तो जमिनीवर फार खाली पडतो. पोरगं त्याला हात लावायलाच कंबर गोल करतं. म्हणून पहिल्यांदा दोन्ही बाजूंना ठोकळे लावून बार गुडघ्याच्या जरा खाली येईल असा ठेव.

तुझ्याकडं ठोकळे नसतील तर कळव, आमच्याकडं दोन जुने टायर पडलेत. रविवारी पाठवून देतो.

तुझा,
बाळू