आत्या, तू विचारलेल्या प्रश्नांबद्दल

प्रिय आत्या,

गावात सगळे म्हणतात, आत्यानं भावांची विहीर वाटून दिली. तू काहीच वाटलं नाहीस, हे फक्त मला आणि दादालाच ठाऊक आहे. म्हणून हे उघड पत्र. तुझे आभार मानायचेच आहेत, तर नेमके कशाचे ते लोकांनाही कळू दे.

मे महिन्यात मी तुझ्याकडे आलो तेव्हा तू गच्चीवर बिबड्या वाळत घालत होतीस. माझ्या हातात स्टॅम्प पेपर आणि तोंडात एकच वाक्य: “तीन दिवस माझे, तीन दिवस त्याचे, आणि माझी मोटर वेगळी.” दादाचं उत्तरही ठरलेलं होतं, “दुसरी मोटर विहिरीवर बसणार नाही.” दोन महिने आम्ही हीच दोन वाक्यं एकमेकांवर फेकत होतो.

तू “का हवेत तीन दिवस?” असं विचारलं नाहीस. तसं विचारलं असतंस तर माझं भाषण तयारच होतं: हक्क, वडिलांचा शब्द, सगळं. तू विचारलंस, “तीन दिवस मिळाले की चौथ्या दिवशी तुझ्या बागेत काय होईल, सांग बरं.” आणि पुढची बिबडी थापायला लागलीस. गप्प बसून.

सांगता सांगता मीच अडकलो. पावणेदोन एकरांत तीन हजार केळी, कांदेबाग. मे महिन्यात झाडामागे रोज वीसेक लिटर तरी लागतं, म्हणजे रोजचे साठ हजार. ठिबकवरच्या केळीच्या मुळ्या वरच्याच थरात असतात. त्या उन्हात तीन दिवस पाणी तोडलं तर पानं माना टाकतात, आणि त्याच वेळी निसवण असली तर घड बारीक राहतो. मी जे मागत होतो ते मिळालं असतं, तर माझीच बाग बसली असती. मला तीन दिवस नको होते, रोजचे अडीच तास हवे होते.

त्यावर तू म्हणालीस, “म्हणजे तुला दादाच्या हाताखाली राहायचं नाही, असंच ना?” मी जरा चिडूनच म्हणालो, “नाही. मला सकाळी खात्रीनं पाणी हवंय. रोज त्याला विचारायला जायला लाज वाटते.” तू लगेच आपलं वाक्य बदललंस, “बरं, रोज विचारावं न लागता मिळेल असं पाणी.” तुझा पहिला अंदाज चुकला होता, पण तू तो प्रश्न म्हणून टाकला होतास, त्यामुळे मला तो दुरुस्त करता आला. पंचांतला कुणी असता तर तोच धरून बसला असता.

दादाला काय विचारलंस ते त्यानंच नंतर सांगितलं. “दुसरी मोटर बसली तर तुझ्या डोळ्यांसमोर काय येतं?” मला वाटायचं, त्याला वरचढपणा करायचाय. त्याच्या डोळ्यांसमोर जळालेली मोटर होती. उन्हाळ्यात आपली विहीर अडीच तासांत तळ गाठते, आणि पुन्हा भरायला पाच-सहा तास घेते. दोन मोटरी एकदम चालल्या तर पाणी फुटव्हॉल्व्हच्या खाली जातं, मोटर कोरडी फिरते. असं एकदा झालं होतं, आणि तेव्हाचं रिवाइंडिंग त्याच्या खिशातून गेलं होतं. मला ते आठवतसुद्धा नव्हतं.

मग तू आम्हा दोघांना समोर बसवलंस आणि भांडणाचंच नाव बदललंस. “कुणाचे किती दिवस” हे सोडा, म्हणालीस, “एकाच मोटरीवर केळी रोज भिजेल आणि विहीर कोरडी पडणार नाही, हे कसं जमवायचं?” या प्रश्नात आम्ही दोघंही होतो, म्हणून दादा पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला. त्याच्या कापसाला जूनपर्यंत पाणी नको होतं, फक्त जनावरांच्या चाऱ्याला हवं होतं. पहिलं भरण केळीला, दुसरं चाऱ्याला. कापसाच्या लागवडीचे आठ दिवस दादा पहिला, तेव्हा केळीला अर्धं. स्टार्टरच्या पेटीची एक किल्ली माझ्याकडे. दहा मिनिटांत संपलं.

सगळंच सुटलं नाही. रात्रीच्या लाइटीचा आठवडा आला की अजूनही बॅटरी घेऊन जावं लागतं, तो आपल्या हातातला विषय नाही. आणि सातबाऱ्यावर विहिरीचा हिस्सा कुणाचा किती, ते नुसतं विचारून मिटणार नाही. कोणाचा वाढला तर कोणाचा कमी होणारच. त्यासाठी तलाठ्याकडे जायचं ठरलंय.

त्या सातबाऱ्यावर तुझंही नाव आहे, आत्या. दोन वर्षं आम्ही दोघं तुझ्याकडे हक्कसोडीच्या सहीसाठी चकरा मारतोय, आणि तू दर वेळी “बघू” म्हणतेस. आम्हाला वाटायचं, आत्याला हिस्सा हवाय. तुला त्या जमिनीत काय दिसतं, हे आम्ही एकदाही विचारलं नाही. रविवारी दोघंही येतो. कागद आणणार नाही.

तुझा,
धाकटा