सन २०२६ च्या सुट्ट्या आणि किरकोळ रजेतील बदल

सर्व सहकाऱ्यांसाठी,

२०२६ च्या आठ भरपगारी सुट्ट्या अशा: २६ जानेवारी, गुढीपाडवा १९ मार्च, १ मे, १५ ऑगस्ट, गणेश चतुर्थी १४ सप्टेंबर, २ ऑक्टोबर, दसरा २० ऑक्टोबर आणि बलिप्रतिपदा १० नोव्हेंबर. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, म्हणजे रविवारीच येते. ती सुट्टी वाया जाऊ नये म्हणून पाडवा घेतला आहे. सोमवार, ९ नोव्हेंबरला मात्र काम चालू राहील. गावी जाणाऱ्यांनी त्या दिवसाची रजा आधीच टाकावी.

बदल किरकोळ रजेत आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार या आठ रजा तिमाहीनुसार जमा करायच्या असतात. म्हणून जानेवारीत एकदम आठ न मिळता जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरमध्ये दोन-दोन जमा होतील. समजा, फेब्रुवारीत चार दिवस हवेत. तर दोन किरकोळ रजेतून आणि दोन अर्जित रजेतून मागा. चारही किरकोळ टाकल्या आणि अर्जित शिल्लक असूनही ती मागितली नाही, तर वरचे दोन दिवस बिनपगारी धरले जातील. घोळ इथेच होतो, तेव्हा अर्ज करताना रजेचा प्रकार दिवसागणिक लिहा.

उरलेल्या किरकोळ रजा ३१ डिसेंबरला रद्द होतात. अर्जित रजा ४५ दिवसांपर्यंत साठते.

– मनुष्यबळ विभाग