फोटो गेला, बॅग राहिली

मित्रा,

परवा विचारलंस ना, दुकानाच्या पेजवरून फोटोच उडालाय आणि हातात फक्त नोट्स आहेत, मग लिस्टिंग लिहायचं कसं? माझ्याकडे गेल्या आठवड्यात हेच झालं, कॅनव्हासच्या बॅगेचं. नोट एवढीच होती: "निळी, 14x10x4, 2 कप्पे, पुढे खिसा, लॅपटॉप जातो, चेन पिवळी?"

ते प्रश्नचिन्ह बघ, लिहिणाऱ्यालाच खात्री नव्हती. आणि मी घाईत "पितळी चेन" टाकून मोकळा होणार होतो. पिवळी हा रंग झाला, पितळ हा धातू, रंगावरून धातू ठरवला की माल परत येतो.

सगळ्यात आधी विचारलं, फोटो पेजवरून का काढला? कारण नवीन लॉट वेगळा आला म्हणून काढला असेल तर या नोट्सही जुन्या मालाच्याच, सगळं मुसळ केरात. माझ्या केसमध्ये फोटो दुसऱ्याच कुणाचा होता, त्याने तक्रार केली म्हणून उतरवला, माल तोच होता, सुटलो. तसलीच दिसणारी दुसरी बॅग शोधून तिच्यावरून वर्णन लिहायचा मोह मात्र होतो हं, आवर.

मग 14x10. इंच की सेंमी? 14 सेंमीत लॅपटॉप जाणारच नाही, म्हणजे इंच, 35 सेंमीच्या जरा वर. पण हे बाहेरून की आतून? लॅपटॉपचे इंच तर स्क्रीनच्या तिरक्या रेषेचे असतात, 15.6 वाला बहुतेक 14 इंचाच्या आसपास रुंद भरतो, शिलाई धरली तर तो इथे अडकणार. गोडाऊनमधल्या मुलाला फोन करून तोंडापाशी आतून मोजायला लावलं, 34 सेंमी भरलं. म्हणून "15 इंची लॅपटॉप मावतो" वगैरे काही नाही, सरळ सेंमी लिहिले, गिऱ्हाईक आपला लॅपटॉप मोजून बघेल.

पेजच्या कोडमध्ये फोटोचं alt, म्हणजे फोटो दिसला नाही तर त्याच्या जागी येणारं वर्णन, अजून पडून होतं, "navy bag front". त्यावर भरवसा नाही ठेवला, एकच alt चार रंगांना चिकटवतात लोक. त्याच मुलाने बॅग खिडकीपाशी नेऊन बघितली, म्हणाला गडद निळी, जवळजवळ काळपट. जुन्या मजकुरातलं "फोटोत दिसतोय तसा खिसा" पण काढलं, आता कुठला फोटो!

शेवटी हे गेलं:

"गडद निळी कॅनव्हास बॅग. बाहेरून 35 x 25 x 10 सेंमी, आत तोंडाशी रुंदी 34 सेंमी. दोन कप्पे, पुढे एक खिसा, चेनने बंद होते. फोटो लवकरच."

"वॉटरप्रूफ" टाका म्हणून मालक मागे लागलेले, पण नोट्समध्ये नाही तर मी कुठून आणू? चेनचा रंग अजून बाकी आहे, मुलगा सुट्टीवर गेलाय. तुझ्या नोट्स पाठव, प्रश्नचिन्हं खोडू नकोस त्यातली.

तुझाच