तळणीचे तेल सिंकमध्ये ओतायला सांगू नका

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील स्वयंपाकघराच्या सदरात उरलेल्या तळणीच्या तेलाविषयी दिलेला सल्ला वाचून मी कालपासून अस्वस्थ आहे. ‘तेल सिंकमध्ये ओतताना त्यावर उकळते पाणी आणि भांड्यांचा साबण सोडा, म्हणजे पाइप तुंबत नाही,’ असे त्यात म्हटले आहे. ज्याने तेल ओतले त्याचा पाइप बहुधा तुंबतही नसेल. तुंबतो तो खालच्यांचा. आम्ही तळमजल्यावर राहतो, त्यामुळे हे मला चांगलेच ठाऊक आहे.

गेल्या दिवाळीत भाऊबीजेच्या दिवशी, भाऊ आणि वहिनी जेवायला बसणार तोच आमच्या सिंकच्या जाळीतून काळपट, आंबूस वासाचे पाणी वर यायला लागले. आमचा नळ बंद होता. वरच्या मजल्यांवर कोणी भांडी घासायला घेतली की ते पाणी आमच्या ओट्यावर येत होते. सणाच्या दिवशी प्लंबर मिळेना. दुसऱ्या दिवशी तो आला आणि त्याने इमारतीमागच्या चेंबरचे झाकण उघडले, तेव्हा आत पिवळट पांढऱ्या रंगाचा, साबणाच्या वडीसारखा घट्ट थर पाइपच्या तोंडाशी चिकटलेला दिसला. त्याला आधी पहारीने फोडावे लागले, मग स्प्रिंग आत घालता आली. वर आमच्या सोसायटीच्या कमिटीचे म्हणणे असे की, पाणी तुमच्या घरात आले, म्हणजे दुरुस्तीचा खर्च तुमचा! सगळ्या इमारतीच्या चकल्या-शंकरपाळ्यांचे तेल आमच्या दाराशी साचले आणि बिलही आम्हीच भरले.

माझी नोकरी खाद्यतेले तपासण्याच्या प्रयोगशाळेत झाली, म्हणून तो थर कसा तयार होतो ते सांगते. साबण आणि गरम पाणी यांमुळे तेलाचे बारीक थेंब होतात आणि ते पाण्याबरोबर वाहू लागतात. पण ते थेंब नाहीसे होत नाहीत. काही फूट खाली गेल्यावर पाणी थंड होते, साबण पातळ होतो आणि थेंब पुन्हा एकत्र येऊन पाइपच्या आतल्या बाजूला चिकटतात. तिथे साचलेल्या तेलातून हळूहळू स्निग्धाम्ले सुटी होतात. बोअरवेलच्या पाण्यातला आणि चेंबरच्या सिमेंटमधला चुना त्यांना मिळाला की न विरघळणारा घट्ट साबण तयार होतो. त्यात भाताची शिते आणि चहाचा चोथा अडकतो आणि थर वाढत जातो. तेलाबरोबर गरम पाणी सोडल्याने हे टळत नाही, फक्त तुंबण्याची जागा पुढे सरकते. शिवाय घरातले पाइप पीव्हीसीचे असतात. ते साधारण ८० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतात, आणि कढईतले तेल १७० ते १८० अंशांवर असते. तुंबल्यावर पुष्कळजण कॉस्टिक ओततात, तेही धोक्याचे आहे. तेलाशी मिळून त्याचाही कधीकधी गोळा बनतो आणि अंगावर उडाले तर कातडी भाजते.

मग तेलाचे करायचे काय? गॅस बंद केल्यावर कढई मुलांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी तेल पूर्ण गार होईपर्यंत राहू द्या. गरम तेल उचलून दुसरीकडे नेताना भाजण्याचेच प्रकार जास्त होतात. गार झाले की मलमलीच्या कोरड्या फडक्यातून गाळा. तळाचा गाळ ओतू नका, कारण चकलीचे जळके कणच पुढे तेल लवकर खराब करतात. गाळलेले तेल घट्ट झाकणाच्या कोरड्या स्टीलच्या डब्यात भरा. तुमच्या सदरात ‘तेलाच्याच रिकाम्या बाटलीत’ भरायला सांगितले आहे. ती पारदर्शक बाटली आपण गॅसजवळ ठेवतो, आणि उजेड व उष्णता या दोन्हींमुळे तेल खवट होते. लोखंडी कढईत किंवा पितळेच्या भांड्यातही ते रात्रभर ठेवू नका, धातूमुळे खवटपणा वेगाने वाढतो. ताज्या तेलात मिसळायचे तर मुळीच नाही. हे तेल पुन्हा तळायला न घेता दोन दिवसांत फोडणीत, भाजीत संपवावे. मासे तळलेल्या तेलाचा डबा वेगळा ठेवावा.

एवढे करूनही तेल बिघडले आहे हे कसे ओळखायचे? रंगावर जाऊ नका, हळद-तिखटाच्या चकलीने चांगले तेलही गडद होते. तापवल्यावर नेहमीपेक्षा लवकर धूर येऊ लागला, किंवा पदार्थ सोडल्यावर बारीक फेस कढईभर पसरला आणि बसेचना, तर ते टाकायचे तेल. बोटांत धरल्यावर चिकट लागते किंवा जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास येतो, तेही टाकायचेच.

टाकताना थोडे असेल तर वर्तमानपत्राच्या चुरगळलेल्या कागदात किंवा लाकडाच्या भुशात पूर्ण शोषून घ्यावे आणि पिशवी घट्ट बांधून कचऱ्यात द्यावी. रद्दीत मात्र तो कागद घालू नये, तेलकट कागद पुनर्वापराला चालत नाही. कढई आणि झाराही आधी कागदाने पुसून मग घासावा. पाइपात जाणाऱ्या तेलातला बराचसा भाग याच भांड्यांवरून जातो. कंपोस्टच्या ड्रममध्ये चमचाभर चालेल, वाटीभर नाही. हवा जाणे थांबते, वास सुटतो आणि उंदीर येतात. दिवाळीसारख्या वेळी लिटरभर उरले तर सुकलेल्या बाटल्यांत साठवून वापरलेले तेल गोळा करणाऱ्या परवानाधारक संस्थेला द्यावे. त्यापासून बायोडिझेल होते. अशी संस्था घरोघरी थोड्या तेलासाठी येत नाही, म्हणून सोसायटीने एक पिंप ठेवून एकत्र करायला हवे.

सदरातील ‘घरकामाच्या बाईंना देऊन टाका’ हे वाक्य मला सर्वांत खटकले. १ जुलै २०१८ पासून हॉटेलांना, पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढत जाणारे पोलर घटक २५ टक्क्यांवर गेलेले तेल वापरण्यास मनाई आहे, ते खाण्यास योग्य राहत नाही म्हणूनच. आपल्याला नको वाटणारे तेल त्यांच्या मुलांच्या पोटात कसे चालेल?

आणखी एक. तुमच्या पाककृतींत मैदा वाटीने, वेलची चिमटीने दिलेली असते, आणि शेवटी नुसते ‘तेल, तळण्यासाठी’. नवी स्वयंपाक करणारी मुलगी त्यावर कढई अर्धी भरते आणि बहुतेक तेल उरते. पावशेर मैद्याच्या शंकरपाळ्या लहान, खोल कढईत थोड्या थोड्या तळल्या तर दोन वाट्या तेल पुरते. तेवढेच लिहीत चला.

येत्या रविवारी त्याच सदरात, त्याच जागी सिंकच्या सल्ल्याची दुरुस्ती छापावी. दिवाळीचे तळण सुरू होण्याआधी ती लोकांच्या हाती पडायला हवी.

– तळमजल्यावरील एक वाचक, ठाणे