ती. बाबांना आणि आईला, सही करण्याआधी

ती. बाबा आणि आई,
शि. सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही अर्जाचा फोटो पाठवलात तो वाचला. अक्षर अजून फळ्यावरच्यासारखंच आहे, पण मजकूर तसा देऊ नका. ‘भाचा नोकरी सोडून गेल्याने मी आजपासून जामीन राहणार नाही’ हे वाक्य माझ्या टेबलावर आलं, तर मी पोच देऊन फाइलला लावीन आणि त्यापुढे काही होणार नाही. कर्ज विभागात बसून बारा वर्षं हेच बघतेय, म्हणून सांगते.

तुमचं म्हणणं बरोबर आहे. आत्याचा पिंट्या कारखान्यात कायम होता, हप्ता पगारातून परस्पर कापला जायचा, म्हणून तुम्ही त्याच्या कर्जाला जामीन म्हणून सही केलीत. आता तो नोकरी सोडून पुण्यात भागीदारीत गॅरेज चालवतोय, कपात बंद झाली आणि दोन हप्ते थकले. परिस्थिती बदलली हे खरंच. पण पतसंस्था म्हणेल, जामीन घेतात तो असं झालं तर वसूल करायलाच. कर्जदाराची नोकरी गेली एवढ्यावर कायदा जामीनदाराला सोडत नाही. उलट 1872 च्या करार कायद्याचं 128 वं कलम तुमची जबाबदारी त्याच्याइतकीच धरतं. ‘आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या’ हेही चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1969 साली एका बँकेच्या खटल्यात स्पष्ट केलंय. सहकारी पतसंस्थेला तर दिवाणी दाव्याचीही गरज नसते. सहकार कायद्याच्या 101 कलमाचा वसुली दाखला मिळाला की जप्तीची कारवाई तुमच्यावरही होऊ शकते.

नोटीस देऊन मागे घेता येतो तो चालू स्वरूपाचा जामीन. कॅश क्रेडिटला जामीन असतात तर नोटिशीनंतरची उचल तुमच्या अंगावर आली नसती. पण हे मुदत कर्ज. सगळे सहा लाख पहिल्याच दिवशी उचललेले, त्यामुळे मागे घ्यायला पुढचा व्यवहारच उरलेला नाही.

आता खरी गोष्ट. आई फोनवर सहज म्हणाली की संस्थेतला क्लार्क दोनदा घरी येऊन गेला, ‘गुरुजी, हप्ता कमी करून देतोय, फक्त इथे सही करा’ म्हणून. बाबा, ती सही अजून केली नाहीत ना? तुमच्या हातात तेवढंच एक हत्यार आहे.

मी हिशेब मांडला. बारा टक्के, साठ हप्ते, म्हणजे दरमहा 13,347 रुपये. अठ्ठावीस गेले, दोन थकले. ते दोन भरले तर मुद्दल साधारण 3 लाख 44 हजार उरतं. पिंट्याने मागितलंय की उरलेले तीस हप्ते अठ्ठेचाळीस करून द्या. हप्ता 9,070 च्या आसपास येईल, त्याला श्वास घेता येईल. पण व्याज पस्तीसेक हजारांनी वाढेल आणि तुम्ही दीड वर्ष जास्त अडकाल. कर्जाच्या अटी जामीनदाराच्या संमतीशिवाय बदलल्या तर करार कायद्याच्या 133 आणि 135 कलमांनी जामीनदार सुटू शकतो, म्हणून तर क्लार्क तुमच्या दारात येतोय. मात्र छापील जामीनपत्रात बहुतेक वेळा ‘या कलमांचे हक्क मी सोडत आहे’ असं बारीक टाइपात असतं. म्हणून ‘अटी बदलल्या, मी आपोआप सुटलो’ या भरवशावर राहायचं नाही. तरी संस्थेला सही हवी आहे, आणि ती मागते आहे तोवरच आपल्याला काही मागता येईल.

म्हणून मागायचं ते असं, तुमच्याच अक्षरात:

‘मा. अध्यक्ष / व्यवस्थापक यांस. कर्ज खाते क्र. ____ यास मी जामीनदार आहे. कर्जदाराच्या पगारातून हप्त्याची कपात होणार, या आधारावर मी जामीन दिला होता. कर्जदाराने ती नोकरी सोडली असून कपात बंद झाली आहे. मी सेवानिवृत्त आहे. परतफेडीची मुदत वाढवण्याच्या प्रस्तावास माझी संमती नाही. कर्जदार माझ्या जागी दुसरा नोकरदार जामीनदार देण्यास तयार आहेत. त्यांचे वेतन प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. तरी नवीन जामीनदार स्वीकारून मला जामिनातून मुक्त करावे व तसा ठराव होऊन लेखी पत्र मिळावे. तोपर्यंत थकबाकीची माहिती मला दरमहा लेखी कळवावी. हा अर्ज माझ्या कायदेशीर हक्कांना बाधा न येता केला आहे.’

यात ‘देणे मला मान्य आहे’ किंवा ‘वेळ आली तर मी भरेन’ असं काही घालू नका. तुमच्या सज्जनपणामुळे तुम्ही शेवटी तेच लिहाल, मला माहीत आहे. उद्या वाद झाला तर तीच ओळ पुरावा म्हणून समोर येते.

अर्जाच्या आधी दोन गोष्टी व्हायला हव्यात. थकलेले दोन हप्ते, म्हणजे 26,694 आणि वर जो दंड असेल तो, पिंट्याने भरावा. थकीत खात्यातून कोणी जामीनदार सोडत नाही. मीही सोडणार नाही. आणि नवा जामीनदार त्याने आणावा. त्याच्या मेहुण्याशी मी बोलले, तो तयार आहे, पण त्याने आधीच किती ठिकाणी सह्या केल्यात ते संस्था विचारेल.

तिसरी गोष्ट तुम्हाला कोणीच सांगणार नाही. या कर्जाला तुमच्याबरोबर कारखान्यातले ते दुसरे जामीनदारही आहेत. संस्थेने तुम्हाला सोडलं तरी 138 कलमाप्रमाणे ते सुटत नाहीत, आणि तुम्हीही त्यांच्यापुरते सुटत नाही. उद्या संस्थेने सगळे पैसे त्यांच्याकडून वसूल केले तर ते तुमच्याकडे तुमचा वाटा मागू शकतात, मुक्तीचं पत्र तुमच्या कपाटात असलं तरी. म्हणून नवीन कागद होताना त्यांचीही सही घ्या: तुमच्या जागी नवा जामीनदार त्यांना मान्य आहे आणि तुमच्याकडे कसलीही मागणी राहिलेली नाही. ते मारुतीच्या देवळात रोज भेटतात ना, तुम्हीच बोला. चहाला बोलवा.

पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका, शिक्का आणि तारीख दोन्ही. ‘साहेब बोलले, काम झालं’ हे काम होणं नाही. ठरावाची प्रत किंवा संस्थेच्या कागदावरचं मुक्तीचं पत्र हातात येईपर्यंत तुम्ही जामीनदारच आहात. तुमची ठेवही त्याच संस्थेत आहे, तेव्हा मुदत संपली की मला विचारल्याशिवाय नूतनीकरण करू नका.

आई, आत्याला काय वाटेल याची काळजी तू करतेयस. तिला मी रविवारी फोन केला. ती रडली, मग म्हणाली, दादाची पेन्शन माझ्या पोरापायी जायला नको. थकलेल्या हप्त्यांसाठी ती एक बांगडी मोडायला निघाली होती, मी थांबवलं. पिंट्यालाच भरू दे.

जामीनपत्राची प्रत संस्थेकडून मागून घ्या आणि मागच्या बाजूचाही फोटो पाठवा. बारीक टाइप तिकडेच असतो.

तुमची,
धाकटी